टिपणी 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत येते? या चुका टाळा

मुंबईतल्या वॉर्ड ऑफिसातल्या कनिष्ठ अभियंत्याचं काम साइटवर कितीही चोख असो, वरिष्ठांपर्यंत पोचते ती त्याची टिपणी. ती 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आली, तर बहुतेक वेळा अर्थ एवढाच असतो की, वाचून निर्णय घेता आला नाही.

उदाहरण घेऊ. सखल भागातल्या दोन उपसा पंपांपैकी एकाची मोटर जळाली आहे. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो आणि आज १२ मे आहे. टिपणी अशी सुरू होते: 'उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर पंप सन २०१६ मध्ये बसविण्यात आला असून...' पुढे पानभर इतिहास, आणि तळाशी 'तरी लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही होणेस विनंती.' कार्यवाही कोणती, कुणी करायची, किती खर्चाची? साहेबांनी सही नेमकी कशावर करायची?

ठरलेला साचा मोडायची गरज नाही. विषयाच्या ओळीतच मागणी लिहा: 'पंप क्र. २ ची मोटर रिवाइंड करण्यास रु. ४२,००० च्या खर्चाची मान्यता.' पहिल्या परिच्छेदात कारण आणि तारीख: मोटर जळाली आहे, मान्यता १५ मेपर्यंत मिळाल्यास पंप २५ मेपर्यंत सुरू होईल. मग पर्याय: नवा पंप रु. १,८५,००० आणि निविदेसह दीड महिना, म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर. (आकडे उदाहरणापुरते.) पंपाचा इतिहास, दरपत्रकं, अंदाजपत्रक मागे जोडा आणि टिपणीत फक्त त्यांचे पान क्रमांक द्या. 'करण्यात यावी' जिथे आलं असेल तिथे कर्ता घाला: मोटर कंत्राटदार नेईल, चाचणी कनिष्ठ अभियंता घेईल.

शेवटच्या ओळीतली चूक सगळ्यात महागात पडते. मान्यता हवी असताना सवयीने 'अवलोकनार्थ सादर' लिहिलं जातं. साहेब सही करतात, फाइल खाली येते, आणि लेखा विभाग विचारतो, मान्यता कुठे आहे? त्या सहीचा अर्थ 'पाहिलं' इतकाच. तिथे 'मान्यतेस्तव सादर' हवं.

पाठवण्याआधी पंपांशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला फक्त विषय आणि पहिला परिच्छेद दाखवा. काय, किती, कधीपर्यंत, हे त्याला सांगता आलं नाही तर टिपणी अजून कच्ची आहे.

केबिनमध्ये बोलावणं आलंच, तर तिथेही २०१६ पासून सुरुवात नको. 'साहेब, ४२ हजारांची मान्यता हवी आहे, १५ तारखेपर्यंत मिळाली तर पंप २५ ला चालू होतो,' एवढं बोलून थांबा. साहेब बहुधा 'नवाच का नाही?' विचारतील, दीड महिन्याचं उत्तर तयार ठेवा. गप्प बसवत नाही म्हणून लोक इथे मोटरच्या वाइंडिंगमध्ये शिरतात आणि नवे प्रश्न ओढवून घेतात.

जाहिरात संस्थेतला डिझायनर हाच घोटाळा वेगळ्या तऱ्हेने करतो. तीन डिझाइनं मांडून 'कोणतं आवडलं?' विचारतो, आणि क्लायंट म्हणतो, 'अजून दोन-तीन बघू या.' त्याने आपली शिफारस कारणासकट आधी सांगावी, आणि आज रंग ठरवायचा आहे की मजकूर, तेवढंच विचारावं.