सगळ्यांचं पोर्टल उघडतं, एकाचंच नाही

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डेस्कटॉप सपोर्टला लागलो, तेव्हाची गोष्ट. दुपारी बाराला डिस्पॅचच्या काकांचा फोन आला. "अरे, शेजारच्या तिघांचं बिलिंग पोर्टल उघडतंय, मलाच 'परवानगी नाही' म्हणतंय." पासवर्ड कुणालाच टाकावा लागत नव्हता; विंडोजचं लॉगिनच पोर्टलला चालायचं.

संदेश नीट वाचा. 'पासवर्ड चुकीचा' असता तर ओळखच पटली नसती. इथे ओळख पटली होती, अधिकार अडला होता. पोर्टलचा अधिकार ग्रुपवरून मिळायचा, म्हणून आधी काकांचे ग्रुप बघितले:

```
net user काकांचा-आयडी /domain
```

बिलिंगचा ग्रुप यादीत होता. सिनियरने 11:40 लाच जोडला होता. मग प्रायव्हेट विंडो उघडली. तिथे पासवर्ड विचारला, काकांनी टाकला आणि पोर्टल उघडलं! मला वाटलं, ब्राउझरचं कॅशे खराब. ते साफ केलं, कुकीज काढल्या. साध्या विंडोत पुन्हा तोच नकार.

अर्धा तास इथेच गेला. शेवटी काकांच्याच मशीनवर कर्बेरॉसची, म्हणजे विंडोजमध्ये ओळख पटवणाऱ्या पद्धतीची, तिकिटं दाखवणारं `klist` चालवलं. `krbtgt` च्या, म्हणजे मुख्य तिकिटासमोर Start Time होती 9:12. म्हणजे काका सकाळी आले तेव्हाची. हे तिकीट लॉगिन करताना मिळतं आणि माणूस त्या क्षणी कुठल्या ग्रुपमध्ये आहे, ते त्यातच लिहिलेलं असतं. डिफॉल्ट सेटिंगमध्ये ते 10 तास चालतं. 11:40 ला जोडलेला ग्रुप 9:12 च्या तिकिटात असणार कुठून? प्रायव्हेट विंडोत पासवर्ड टाकल्यावर नवं तिकीट निघालं, म्हणून तिथे चाललं. शिळं होतं ते तिकीट, ब्राउझरचं कॅशे नव्हे. म्हणून जुनी तिकिटं पुसून टाकली:

```
klist purge
```

ब्राउझर पूर्ण बंद करून उघडला, काकांचं काम सुरू झालं. ही कमांड साध्या कमांड प्रॉम्प्टमध्येच द्या. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं तर ते वेगळं लॉगिन सेशन धरतं, आणि युजरची तिकिटं जिथल्या तिथे राहतात. मी एकदा यातही फसलो आहे. शिवाय purge नंतरही `whoami /groups` जुनीच यादी दाखवतं, कारण ती यादी लॉगिनच्या वेळी बनलेल्या विंडोजच्या टोकनमधली असते. ती साइन आउट करून परत आल्यावरच बदलते. म्हणून युजरला वेळ असेल तर मी सरळ साइन आउटच करायला सांगतो.

नव्या लॉगिननंतरही `whoami /groups` च्या यादीत ग्रुप दिसला नाही, तर मात्र कॅशेच्या मागे लागू नका. सारख्या नावाच्या दुसऱ्याच ग्रुपमध्ये नाव गेलंय का, किंवा बदल दुसऱ्या डोमेन कंट्रोलरवर अजून पोचायचा आहे का, ते आधी बघा. आता ग्रुप जोडल्यावर तक्रार बंद करण्याआधी मी स्वतः फोन करतो: "काका, एकदा साइन आउट करून परत या, मग पोर्टल उघडा. मी लाइनवर थांबतो."