४५ उरले असताना १३ वर मारू नका: चेकआउटच्या या चुका टाळा

डार्ट्सच्या ५०१ च्या खेळात ५०१ गुणांवरून खाली उतरत, शेवटचा डार्ट डबलवर, म्हणजे दुप्पट गुणांच्या पट्टीवर मारून, नेमक्या शून्यावर लेग, म्हणजे एक डाव, संपवायचा असतो. तिथे ट्रेबल वीसवर, म्हणजे वीसच्या तिप्पट गुणांच्या पट्टीवर, धडाधड मारणारे खूप भेटतात. तेच लोक ५० च्या खाली आले की बिचकतात. हात तोच, बोर्ड तोच, पण तीन-तीन फेऱ्या लेग संपत नाही. विचारलं की एकच उत्तर मिळतं, ‘डबल लागतच नाही.’ मी शेजारी उभं राहून मोजलंय. बऱ्याचदा डबलवर मारायला त्यांच्या हातात डार्टच उरलेला नसतो. तो आधीच्या चुकीच्या निशाण्यात वाया गेलेला असतो.

सगळ्यात जास्त डार्ट खाते ती विषम आकड्याची चूक. ती मी स्वतः कित्येक वर्षं केली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका निर्णायक लेगमध्ये माझे ४५ उरले होते आणि समोरच्याचे १६. तीन डार्ट हातात. चेकआउटचा, म्हणजे उरलेले गुण कसे संपवायचे याचा, तक्ता मला तोंडपाठ होता: ४५ ला १३ मारा, ३२ उरतात, मग डबल १६. मारला. डार्ट तारेच्या पलीकडे चारात गेला, उरले ४१. पुन्हा तक्ताच आठवला: ९ मारा, ३२ उरतात. तो डार्ट गेला चौदात, उरले २७. आता तिसऱ्या डार्टने लेग संपणं शक्यच नव्हतं, म्हणून १९ मारून ८ ठेवले. समोरच्याने तिसऱ्या डार्टला डबल ८ घेतला आणि मी हात मिळवून बाजूला झाले. माझे पहिले दोन्ही डार्ट जेमतेम बोटभर चुकले होते. तेवढ्या चुकीत डबलवर एकही डार्ट मारायला मिळाला नाही.

त्या रात्री बोर्डासमोर बसून मी प्रत्येक आकड्याचे शेजारी बघितले. १३ च्या एका बाजूला ४, दुसऱ्या बाजूला ६. दोन्ही सम. म्हणजे विषम आकडा सम करायला १३ वर मारायचं आणि जरा चुकलं की आकडा विषमच राहणार. ९ चं तेच, त्याच्या शेजारी १४ आणि १२. १ च्या शेजारी २० आणि १८, ५ च्या शेजारी १२ आणि २०, १५ च्या शेजारी १० आणि २, ११ च्या शेजारी १४ आणि ८. हे सगळे विषम खण दोन समांच्या मध्ये एकटे बसलेत.

अख्ख्या बोर्डावर सलग विषम आकड्यांची एकच जागा आहे, तळाशी: १७, ३, १९, ७. तिथे ३ किंवा १९ वर मारलेला डार्ट शेजारच्या खणात गेला तरी विषमच लागतो, आणि उरलेला आकडा सम होतो.

४३ उरले असतील तर ३ वर मारा. ३ लागला तर ४० उरतात. डावीकडे १९ लागला तर २४, म्हणजे डबल १२. उजवीकडे १७ लागला तर २६, म्हणजे डबल १३. तिन्ही वेळा पुढचे दोन डार्ट थेट डबलवर. ३९ ला ७ मारा म्हणजे ३२, आणि खाली १९ मध्ये घसरला तर २०. ४१ ला १९ वर मारा: १९ लागला तर २२, ७ लागला तर ३४, ३ लागला तर ३८. सगळे डबलचे आकडे.

आणि माझे ते ४५? तिथेही १९ च, पण खणाच्या डाव्या अर्ध्या भागात. १९ लागला तर २६, डावीकडे सातात गेला तर ३८. उजवीकडे तीनात गेला तर मात्र ४२ उरतात आणि एका डार्टने ४२ संपत नाहीत, म्हणून डावा अर्धा. कोणी म्हणेल २६ आणि ३८ हे काही लाडके आकडे नाहीत. नसतील. पण डबल १३ वर दोन डार्ट मारायला मिळणं हे डबल १६ वर एकही न मिळण्यापेक्षा कितीतरी बरं. पाचांतून एक डबल लागणारा खेळाडू घ्या: एका डार्टला त्याची शक्यता २० टक्के, दोन डार्टला ३६, तिन्ही डार्टला जवळपास ४९. शक्यता वाढते ती डार्ट वाचवण्यातून.

एक काळजी घ्या. ४५ ला १९ च्या ट्रेबलमध्ये डार्ट गेला तर ५७ होतात आणि फेरी बस्ट, म्हणजे अख्खी वाया. म्हणून ट्रेबल आणि डबल यांच्या मधला जो जाड भाग आहे, त्याच्या बरोबर मध्यावर नजर ठेवा. तो भाग साडेपाच सेंटिमीटर खोल असतो, डबलची पट्टी अवघी ८ मिलिमीटर. ६० उरल्यावर तर हे विसरूच नका. वीसच्या जाड भागाऐवजी सवयीने ट्रेबलवर मारलं आणि लागलं, तर ६० चे शून्य होतात, पण शेवट डबलवर नाही, म्हणून बस्ट. चांगला डार्ट मारून फेरी गमावलेली मी किती वेळा पाहिली असेल.

सम आकड्यांनाही शेजारी बघायची सवय लावा. ४८ ला १६ मारा: लागला तर ३२, शेजारच्या आठात गेला तर ४०. ४६ ला ६ मारा: लागला तर ४०, शेजारच्या दहात गेला तर ३६. तक्ता पाठ करणाऱ्यांना मी नेहमी सांगते, आधी बोर्डाची गोल रांग पाठ करा. तक्ता फक्त डार्ट लागला तर काय हे सांगतो, चुकला तर काय हे रांग सांगते.

५० उरले, हातात तीन डार्ट आहेत आणि पहिलाच डार्ट बोर्डाच्या मधोमध असलेल्या ५० गुणांच्या बुलवर? करू नका. लाल बुलचा व्यास १२.७ मिलिमीटर, म्हणजे कुठल्याही डबलच्या खणाच्या साधारण एक तृतीयांश जागा. १८ किंवा १० मारा आणि डबलवर दोन डार्ट घ्या. बुल फक्त शेवटचा डार्ट हातात असताना, आणि समोरचा पुढच्या फेरीत संपवणार असेल तेव्हा.

 

आता दुसरी मोठी चूक, सरासरीची. आधी हिशेब नीट करा. तीन डार्टची सरासरी म्हणजे एकूण गुण भागिले एकूण डार्ट, गुणिले ३. फेऱ्यांनी भागायचं नाही. आठव्या फेरीच्या पहिल्याच डार्टला लेग संपला तर डार्ट २२ झाले, सरासरी ६८.३. आठ फेऱ्यांनी भागलंत तर ६२.६ येते आणि तुम्ही स्वतःलाच कमी लेखता. उलट बस्ट झालेल्या फेरीचे गुण शून्य धरायचे, पण डार्ट मोजायचेच. ते न मोजणारे स्वतःला फसवतात.

पण खरी चूक ती सरासरी वाचण्याची. माझ्याबरोबर सराव करणारा एक मुलगा महिनाभर ५५ च्या आसपास अडकला होता. उपाय म्हणून रोज तासभर ट्रेबल वीस. मी त्याला एक संध्याकाळ प्रत्येक लेगचे दोन तुकडे लिहायला लावले: ४० वर पोचायला किती डार्ट आणि तिथून संपवायला किती. साधारण लेग असा निघाला: ४६१ गुण १८ डार्टमध्ये, आणि मग शेवटच्या ४० साठी ९ डार्ट. पहिल्या तुकड्याची सरासरी ७६.८, अख्ख्या लेगची ५५.७.

आता दोन रस्ते मांडून बघा. ट्रेबलवर घाम गाळून त्याने ४६१ गुण १५ डार्टमध्ये केले, म्हणजे पहिल्या तुकड्याची सरासरी ९२ वर नेली, तरी डबलचे ९ डार्ट तसेच राहिले तर लेग २४ डार्टचा होतो, सरासरी ६२.६. आणि ट्रेबल आहे तसाच ठेवून ४० तीन डार्टमध्ये संपवले तर लेग २१ डार्टचा, सरासरी ७१.६. दुसरा रस्ता सोपाही आहे आणि फायद्याचाही, पण घाईच्या लोकांना तो रटाळ वाटतो.

त्याचे ९ डार्ट कसे जात होते तेही आम्ही लिहिलं. डबल २० वर मारला, आत वीस लागला, २० उरले. डबल १० वर मारला, आत दहा लागला, १० उरले. डबल ५ वर मारला, आत पाच लागला, उरले ५. विषम. मग एक डार्ट फक्त आकडा सम करायला. ३२ वर असता तर तशाच चुकांनी तो १६, ८, ४, २ असा उतरला असता आणि प्रत्येक पायरीवर पुढचा डार्ट डबलवरच मारता आला असता. म्हणून दोन्ही सारखे जवळ असतील तेव्हा मी ४० पेक्षा ३२ ठेवते. डबल १६ चे शेजारी ७ आणि ८ असल्यामुळे तिथे बाजूला चुकलं तरी बस्ट होत नाही. आठात गेला तर २४ उरतात, डबल १२. मात्र सातात गेला की २५, आणि मग पुन्हा तळाच्या १७ वर, म्हणजे ८.

पायऱ्या उतरताना धोका वाढतो, हेही ध्यानात ठेवा. १६ उरलेले असताना डबल ८ वर मारलेला डार्ट खाली घसरून सोळाच्या साध्या भागात गेला तरी शून्य, आणि बस्ट. ८ उरले असताना डबल ४ च्या शेजारी १८ आणि १३ आहेत, दोन्ही बस्ट करणारे. म्हणून ३२ वर पहिला डार्ट मी कधीच घाईत सोडत नाही, आणि चुकायचाच असेल तर तारेच्या बाहेर जाऊ दे, अशा बेताने जरा बाहेरच्या बाजूला धरते. बाहेर गेला तर ३२ शाबूत राहतात.

त्या मुलाला मी एवढंच दिलं: रोज ३९, ४१, ४३, ४५ आणि ४७ या पाच आकड्यांवरून सुरुवात, प्रत्येकी तीन डार्ट, आणि वहीत फक्त डबलवर किती डार्ट मारायला मिळाले तो आकडा. संपलं की नाही ते लिहायचं नाही. ४७ चा निशाणा त्याने स्वतः शोधला: ७ आणि १९ च्या मधली तार. सात लागला तर ४०, एकोणीस लागला तर २८.