गुणतक्त्यात तिन्ही फ्लॅटना सारखेच गुण पडत होते, तेव्हा काय केले

नाशिकमध्ये घर घेण्यासाठी निकषवार गुण देऊन तुलना करताना पाथर्डी फाटा, इंदिरानगर आणि गंगापूर रोड येथील तीन फ्लॅटची भारित बेरीज सातच्या आसपासच अडकत होती. निकष वाढवून आणि भार बदलून पाहिले, पण फरक पडेना, त्यामुळे घरात सगळेच वैतागले होते. अंदाजाने दिलेले सर्व गुण सहा ते आठमध्ये दाटले होते, हे खरे कारण होते.

आधी प्रत्येक निकषात सर्वांत वाईट फ्लॅटला 0, सर्वोत्तमाला 10 आणि मधल्याला प्रमाणात गुण दिले. वरील क्रमाने किंमत 62, 68, 74 लाख असल्याने गुण 10, 5, 0. चटई क्षेत्र 640, 720, 740 चौरस फूट, म्हणून 0, 8, 10. सातपूरच्या कारखान्यापर्यंत 20, 25, 15 मिनिटे, म्हणून 5, 0, 10.

मग भार ठरवताना निकष किती महत्त्वाचा हे न विचारता, त्यातील वाईट आणि उत्तम यांच्यातले अंतर आपल्याला किती मोलाचे, हे विचारले. प्रवास महत्त्वाचा खराच, पण अंतर दहाच मिनिटांचे असल्याने त्याला 20, क्षेत्राला 30 आणि किंमतीला 50 भार मिळाला. तक्त्यात B स्तंभात भार आणि C पासून पुढे एकेका फ्लॅटचे गुण ठेवून हे सूत्र उजवीकडे ओढले:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$4,C2:C4)/100
```

उत्तर 6.0, 4.9, 5.0 आले. किंमतीचे 10 भार क्षेत्राकडे वळवताच मात्र गंगापूर रोड 6.0 गुणांसह पुढे गेला आणि पाथर्डी फाटा 5.0 वर आला, त्यामुळे शंभर चौरस फुटांसाठी बारा लाख द्यावेत का, एवढाच प्रश्न चर्चेस उरला. चौथा फ्लॅट एखाद्या निकषात आताच्या सर्वांत वाईटाहून वाईट किंवा सर्वोत्तमाहून चांगला निघाल्यास मात्र गुण आणि भार दोन्ही नव्याने ठरवावे लागतात.