कॉफीची पावडर बदलताय? या चुका टाळा

रंग काळाभोर आणि चव कडू, की सोलापुरात त्या कॉफीला लगेच 'कडक' म्हणतात. पण तो काळेपणा आणि कडूपणा बऱ्याचदा चिकोरीचा, म्हणजे कॉफीत मिसळलेल्या एका भाजलेल्या मुळाच्या पुडीचा असतो, आणि चिकोरीत कॅफीन अजिबात नसतं. आपल्याकडे मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, पण वाचतो कोण!

माझा मावसभाऊ पूर्व भागात टॉवेलचा कारखाना चालवतो. रात्रपाळीत जागायला फिल्टर कॉफी प्यायचा: १० ग्रॅम पावडर, त्यात ५३ टक्के कॉफी आणि ४७ टक्के चिकोरी. तरी डुलक्या यायच्या. मग त्यानं बिनचिकोरीची पावडर आणली आणि माप मात्र तेच ठेवलं. पहाटे फोन आला, "दादा, छाती धडधडतीय, हात थरथरतायत. पावडरीत काही मिसळलंय का?" म्हटलं, "नाही रे, मिसळलेलं होतं ते काढलंय!"

हिशेब सोपा आहे. कॉफीत साधारण दीड टक्का कॅफीन धरलं, तर आधीच्या ५.३ ग्रॅम कॉफीतून जास्तीत जास्त ८० मिलिग्रॅम मिळत होतं आणि नंतर दीडशेपर्यंत. रोबस्टा जातीचं कॉफीचं बी असेल तर आणखी जास्त. म्हणून पावडर बदलली की मी आधी काट्यावर सहाच ग्रॅम घेतो. बिनचिकोरी इन्स्टंटच्या सपाट चमच्यात, म्हणजे दोनेक ग्रॅममध्ये, साठेक मिलिग्रॅम असतं. पण काही इन्स्टंटमध्येही चिकोरी असते, त्यामुळे तिथंही पाकीट वाचाच.

दुसरी चूक म्हणजे 'चिकोरी तर मूळच, निरुपद्रवी' असं धरून चालणं. अ‍ॅक्रिलामाइड हे कर्करोगाचा धोका वाढवत असल्याचा संशय असलेलं रसायन भाजताना तयार होतं आणि ते चिकोरीत जास्त असतं. युरोपातले मार्गदर्शक आकडे किलोमागे भाजलेल्या कॉफीला ४००, इन्स्टंटला ८५० आणि निव्वळ चिकोरीला ४,००० मायक्रोग्रॅम आहेत. किलोमागे इन्स्टंट वाईट दिसते, पण कपात ती दोनच ग्रॅम जाते. म्हणजे ८५० धरले तरी १.७ मायक्रोग्रॅम. भावाच्या त्या मिश्रणात हेच आकडे धरले, तर निव्वळ चिकोरीचा वाटा १८.८ होतो. हे आकडे म्हणजे प्रत्यक्ष मोजमाप नव्हे, पण कल कळतो. घरी गाळून किंवा उकळून ते जात नाही. पावडर निवडतानाच चिकोरी कमी घ्यायची, एवढंच आपल्या हातात. फिकट भाजणी चांगली हाही गैरसमजच: भाजणी पुढे सरकते तसं अ‍ॅक्रिलामाइड कमी होत जातं.

साखर आधीच घालून ठेवू नका.

कडूपणा मारायला लोक दोन चमचे टाकतात. चार कपांत चाळीसेक ग्रॅम होते; जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेली आदर्श मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आहे, तीही सगळ्या खाण्यापिण्यातली मिळून. मी काढा पातळ करतो, दूध तापवून घालतो, एक घोट घेतो, आणि मगच अर्धा चमचा. घोट घ्यायचाही धीर नसेल त्यांनी सरबत प्यावं.