पर्सेंटाइल काढताना या चुका टाळा

दोन सत्रांत दोन वेगळे पेपर दिले की सकाळवाले म्हणतात आमचा अवघड होता, दुपारवालेही तेच म्हणतात. म्हणून कच्चे गुण बाजूला ठेवून पाहायचं इतकंच, की आपापल्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण कितीजणांना पडले. त्या संख्येला सत्रात हजर असलेल्यांच्या संख्येने भागा, शंभराने गुणा, झालं. इतक्या सरळ हिशोबाचा लोक जो चुथडा करतात, तो निस्तरण्यात माझे बरेच शनिवार गेलेत.

गैरहजरांना शून्य देणे. ही माझी सर्वांत नावडती चूक. एकदा निकाल लागायच्या आदल्या संध्याकाळी एक फाइल माझ्याकडे तपासायला आली. दोन्ही सत्रांत प्रत्येकी 1200 नावं. सकाळी 900 जण आले होते, दुपारी 1140. ज्याने शीट बनवली त्याला गुणांच्या रकान्यात ‘AB’ दिसलं की सूत्र अडतं म्हणून त्याने ‘फाइंड अँड रिप्लेस’ करून सगळीकडे शून्य टाकलं होतं. दोन सेकंदांचं काम!

आता सकाळची एक मुलगी घ्या, जी 900 पैकी 810 जणांच्या बरोबरीने किंवा पुढे आहे. तिचे खरे पर्सेंटाइल 90. पण शीटमध्ये 300 गैरहजर तिच्या खाली येऊन बसले, म्हणून 1110 भागिले 1200, म्हणजे 92.5. दुपारी अगदी तिच्याच जागी असलेल्या मुलाला (1140 पैकी 1026) मिळाले 90.5. दोन पर्सेंटाइलचा फरक, आणि तो कशामुळे? तर सकाळी जास्त लोक घरी झोपले म्हणून. मेरिट लिस्टमध्ये तेवढ्यात कित्येक नावं मागेपुढे होतात.

मला शंका आली ती तळाकडे पाहून. सकाळच्या सत्रात पंचविसाच्या खाली कोणीच नव्हतं. तेव्हापासून माझी सवय आहे: टॉपरकडे नंतर बघतो, आधी प्रत्येक सत्राचा तळ आणि मधला उमेदवार बघतो. मधल्याला पन्नासच्या आसपासच मिळायला हवेत. त्या फाइलमध्ये सकाळच्या मधल्याला 62.5 होते. निगेटिव्ह मार्किंग असेल तर घोळ आणखी वाढतो, कारण शून्यवाला गैरहजर उणे गुण मिळवणाऱ्याच्या वर जाऊन बसतो. आणि हो, हजर राहून कोरा पेपर देणारा मोजायचाच. त्याचं शून्य त्याने कमावलेलं आहे.

मी हे वापरतो (B मध्ये सत्र, D मध्ये गुण):

```
=100*COUNTIFS(B:B,B2,D:D,"<="&D2)/COUNTIFS(B:B,B2,D:D,"<=9999")
```

यात आकडा नसलेली घरं मोजलीच जात नाहीत, त्यामुळे ‘AB’ तसंच राहू द्या. फक्त खुद्द ‘AB’च्या ओळीत हे सूत्र टाकू नका, तिथे निरर्थक आकडा येईल.

तयार फंक्शनवर विसंबणे. एक्सेलमधलं `PERCENTRANK.INC` वेगळी व्याख्या वापरतं: सर्वांत खालच्याला 0 आणि वरच्याला 1. शिवाय वेगळं सांगितलं नाही तर तिसऱ्या अंकानंतरचं छाटून टाकतं. पाच हजारांच्या सत्रात त्यामुळे पाच-पाच जण विनाकारण बरोबरीत येतात. मग टाय कसा सोडवायचा यावर बैठक बसते!

विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी. नको. एकूण कच्च्या गुणांवरून एकूण पर्सेंटाइल वेगळे काढा. जेईई मेनमध्येही तसंच करतात, आणि सात दशांश स्थळांपर्यंत ठेवतात.

पर्सेंटाइलला टक्के समजणे. यावर मी आता वाद घालत नाही.

चिमुकलं सत्र. पर्सेंटाइलची सगळी भिस्त एका गृहीतकावर आहे: सत्रं मोठी आहेत आणि उमेदवार सोडतीने वाटलेले आहेत, म्हणून दोन्हीकडची ताकद सारखी. ‘हवं ते सत्र निवडा’ म्हटलं आणि तयारीची मुलं एकाच सत्रात गोळा झाली, की हे सूत्र त्यांची हुशारीसुद्धा ‘पेपर सोपा होता’ म्हणून पुसून टाकतं, आणि निकालावर नजर टाकून ते ओळखताही येत नाही.

राहून गेलेल्या 40 जणांसाठी वेगळा पेपर काढा, अशी विनंती दरवेळी येते. तिथे एक जागा म्हणजे अडीच पर्सेंटाइल. पहिल्याला 100, दुसऱ्याला थेट 97.5. नऊशेंच्या सत्रात 97.5च्या वर 23 जण असतात, म्हणजे हा दुसरा मुलगा कितीही चांगला असला तरी त्या सगळ्यांच्या मागे. तिथला पहिला मात्र कसाही असो, शंभरच. अशा 40 जणांना मी पुढच्या मोठ्या सत्रात बसवायला सांगतो. वेळापत्रक लांबतं म्हणून कुरकुर होते, ती ऐकून घेतो.