‘आयत्या बिळावर नागोबा’ इंग्रजीत नेताना या चुका टाळा

बडोद्याला आमच्या घरी चार भावंडांनी आठवडाभर खपून गणपतीची आरास केली. पाचवा आरतीला उगवला आणि फोटोत सगळ्यांच्या पुढे बसला. आजी म्हणाली, “आयत्या बिळावर नागोबा!” माझ्या भाचीने ही म्हण गुजराती मैत्रिणीसाठी इंग्रजीत लिहिली: ‘अ स्नेक ऑन अ रेडीमेड होल’. मैत्रिणीने विचारलं, “भावाने दगा दिला का?”

चूक इथेच कळते. इंग्रजीत ‘स्नेक’ म्हटलं की विश्वासघातकी माणूस डोळ्यासमोर येतो. आपल्या म्हणीत दगा नाहीच. नाग स्वतः बीळ खणत नाही. उंदरांनी पोखरलेल्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात शिरतो आणि तिथलाच होऊन बसतो. म्हण या फुकटच्या ऐटीवर आहे. म्हणून ‘कोब्रा’ लिहावं आणि बीळ कोणी खणलं तेही सांगावं, कारण मराठी वाचकाला ते न सांगता कळतं, इंग्रजी वाचकाला नाही. ‘होल’ म्हणजे नुसतं भोक. ‘बरो’ म्हणजे प्राण्याने खणलेलं घर. ‘रेडीमेड’ दुकानातल्या कपड्यासारखं वाटतं. आणि ‘वर’चं ‘ऑन’ केलं की नाग बिळाच्या तोंडावर वेटोळं घालून बसलेला दिसतो.

सगळ्यात जास्त हरवतो तो ‘बा’. विठोबा, खंडोबा, आजोबा यांतला हा मानाचा ‘बा’ इथे टोमणा होतो, जसा ‘आयतोबा’त होतो. शिवाय नागपंचमीला आपण वारूळ पुजतो. ज्याला हात जोडायचे, त्याला हुसकणार कसं? ही चडफड ‘नागोबा’त आहे. याला नेमका इंग्रजी शब्द शोधत बसू नये. ‘नागोबा’ तसाच ठेवून एका वाक्यात उलगडावा.

‘कुकू इन द नेस्ट’ हा तयार वाक्प्रचार वापरायचा मोह होतो. तो टाळाच. त्यात घरात घुसलेला परका खटकतो. आपल्याकडे तो बहुतेकदा घरचाच असतो.

भाचीने पुन्हा लिहिलं ते असं: ‘नागोबा, हिज लॉर्डशिप द कोब्रा, ॲट होम इन अ बरो ही नेव्हर डग’. खाली तिने आरासीचा प्रसंग तीन ओळींत दिला आणि पुढे दोन वाक्यं जोडली: नागाची आम्ही पूजा करतो, म्हणून त्याला ‘बा’ लावतो. ही म्हण सहसा त्या माणसाच्या माघारी म्हणतात, थोडी चिडून, थोडी हसून.

मैत्रिणीला अर्थ विचारला नाही, कारण अर्थ पाठ करून सांगता येतो. तिच्या घरातला एखादा प्रसंग विचारला. ती म्हणाली, “उंधियूची भाजी आम्ही निवडतो, आणि काका पहिलं ताट घेऊन बसतात.”