संपादकीय पसरतंय? माजी विद्यार्थी संघाच्या वार्तापत्रात या चुका टाळा

गिरगावातल्या एका मराठी शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचं वार्तापत्र मी पाहतो. दिवाळी अंकाच्या संपादकीयाचा पहिला खर्डा ७०० शब्दांचा आला. त्यात शुभेच्छा, स्नेहसंमेलनाचा वृत्तांत, एका बाईंना श्रद्धांजली, थकलेली वर्गणी असं सगळं होतं. अगदी शेवटी एक ओळ होती: शनिवारी वाचनालय उघडायला माणसं हवीत. त्या अंकातून संघाला खरं तर तेवढंच हवं होतं.

प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात त्याचा विषय एका शब्दात लिहून पाहा. शब्द वेगवेगळे आले, तर विषय एक नाही. ‘तसेच’, ‘त्याचबरोबर’, ‘या निमित्ताने’ हे शब्द दिसले की तिथे बहुधा दुसरा विषय शिरलेला असतो. आम्ही वृत्तांत आतल्या पानावर नेला, वर्गणी चौकटीत टाकली आणि बाईंना स्वतंत्र पान दिलं, कारण त्यांना दोन ओळींत उरकणं मला पटत नव्हतं. कात्री लावण्याआधी कार्यकारिणीतल्या ज्याचा त्याचा मजकूर कुठे जाणार, हे मात्र फोन करून सांगा. नाहीतर छपाईच्या आदल्या रात्री सगळं परत आत येतं.

सुरुवात होती, ‘हा अंक आपल्या हाती देताना अत्यंत आनंद होत आहे.’ हे वाक्य कुठल्याही वर्षीच्या अंकात चालतं, म्हणून ते काढायचं. खरी सुरुवात बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात दडलेली असते. आमची तिथेच सापडली: ‘शाळेच्या वाचनालयात पुस्तकांची तीन कपाटं आहेत आणि शनिवारी तिन्हींना कुलूप असतं.’ पहिली घंटा, मधल्या सुट्टीतली बोरं अशा आठवणींनी सुरुवात करायचा मोह होतो. पण आठवण विषयाकडे नेत नसेल, तर वाचक तिच्यातच रमतो आणि पान उलटतो.

सर्वांत जास्त घोळ शेवटी होतो. ‘सर्वांनी यथाशक्ती सहकार्य करावे’ वाचून कोणी उठत नाही, कारण काय, कधी आणि कोणाला कळवायचं हेच त्यात नाही. आम्ही लिहिलं: ‘महिन्यातला एक शनिवार, सकाळी १० ते १२, वाचनालयात बसाल? आठ जण हवेत. ३० नोव्हेंबरपर्यंत संघाच्या व्हॉट्सॲप क्रमांकावर आपलं नाव आणि बॅच पाठवा.’ आमचे बरेच जण आता डोंबिवली-बोरिवलीला राहतात. रविवारी मेगाब्लॉकमध्ये त्यांना चर्नी रोड गाठायला लावणं बरं नव्हे, म्हणून शनिवार. पुण्यातल्या आणि परदेशातल्या सभासदांसाठी ‘किंवा देणगी द्या’ असं जोडायची सूचना आली. ती मी घेतली नाही, कारण सोपा पर्याय दिसला की मुंबईतलाही तोच उचलतो. त्यांच्यासाठी एवढंच लिहिलं: ‘आपल्या बॅचच्या एका मुंबईकराला हे पुढे पाठवा.’

शेवटचा खर्डा २८० शब्दांचा झाला. तो कार्यकारिणीबाहेरच्या एका मैत्रिणीला वाचायला दिला आणि विचारलं, ‘तुला काय करायचंय?’ ती म्हणाली, ‘शनिवार कळवायचाय.’ मग तो छापायला पाठवला.